चालीपलीकडचे सोळा बार

प्रश्न: एकाच सिनेमाच्या गाण्याखाली कंपोजर, गीतकार, संगीत दिग्दर्शक, अरेंजर, प्रोड्युसर अशी पाच नावं दिसतात. संगीतकार एकच असतो ना? मग बाकीचे नेमकं काय करतात?

त्या बाकीच्यांपैकी एक मी. चोवीस वर्षं अरेंजिंग करतोय, मराठीत ज्याला संगीत संयोजन म्हणतात ते. माझं नाव मात्र निम्म्याहून जास्त गाण्यांखाली सापडणार नाही.

आपल्याकडे कंपोजर आणि संगीत दिग्दर्शक ही बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते. चाल बांधणं हे कंपोजरचं काम. गायक कोण, वाद्यं कुठली, टेक ओके की पुन्हा, हे ठरवणं म्हणजे संगीत दिग्दर्शन. हल्ली एका सिनेमात चार-चार जण गाणी करतात आणि पार्श्वसंगीत पाचवाच करतो, त्यामुळे ही नावं वेगळी पडायला लागली आहेत. पण चाल म्हणजे गाणं नव्हे, आणि हे मी एका गाण्यावरून सांगतो.

२००६ साली दादरला एका संगीतकाराच्या घरी सिटिंग होतं. नाव घेत नाही. त्याने पेटीवर मुखडा आणि अंतरा ऐकवला. चाल खरोखर सुंदर होती, दादरा तालात, आणि खमाज रागात असतात तसे दोन्ही निषाद त्यात होते, म्हणजे शुद्ध ‘नी’ आणि त्याहून किंचित खालचा कोमल ‘नी’. मुखडाभर शुद्ध निषाद, आणि अंतरा थेट कोमल निषादावर उचललेला. गीतकारही तिथेच बसले होते. त्यांनी अंतऱ्याला ‘निळी रात’ असे शब्द दिले होते, पण चालीत पहिलं अक्षर चार मात्रा लांबत होतं आणि ‘नि’ ऱ्हस्व. ओढलं की ते ‘नीळी’ व्हायचं. त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि ‘सारी रात’ केलं. अर्थ थोडा बदलला, पण गाणं गळ्यात बसलं. सिनेमातल्या गीतकाराचं काम हे असं असतं. चाल आधी, शब्द मागून, आणि तरीही ते आधीपासून तिथेच होते असं वाटलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गायिकेबरोबर रिहर्सल झाली. तिची पट्टी काळी चार. मुखडा संपला की मधल्या संगीताच्या जागी आम्ही नुसता ठेका वाजवत होतो. अंतऱ्याला ती आली की दर वेळी शुद्ध निषाद लागायचा. चूक तिची नव्हती. कान मुखडाभर शुद्ध निषादावर बसलेला, आणि समोर नुसता तबला. चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा संगीतकार म्हणाला, “अंतऱ्याची उचल बदलून टाकू.” मी म्हटलं, “चालीला हात लावू नकोस, मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे.”

रात्री मी फर्स्ट म्युझिक लिहिलं, म्हणजे मुखडा आणि पहिला अंतरा यांच्या मधला तुकडा. सोळा बार. दादऱ्याचं एक आवर्तन म्हणजे एक बार धरा. वाजायला अर्ध्या मिनिटाहून थोडं कमी. पहिले आठ बार व्हायोलिन्स मुखड्याच्याच वातावरणात राहतात. नवव्या बारला बासरी येते, तार षड्जावरून उतरताना एकदा ओझरता कोमल निषाद घेते आणि परत वर जाते. शेवटच्या दोन बारमध्ये ती त्याच कोमल निषादावर थांबते, खाली दोन चेलो षड्ज-गंधार-पंचम धरून असतात. गायिकेला सूर शोधावा लागतच नाही, तो तिच्या हातात दिलेला असतो. रेकॉर्डिंगला तिने अंतरा पहिल्या टेकला घेतला.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आजही लोक त्या गाण्याची बासरी आधी गुणगुणतात. कॅसेटच्या कव्हरवर मी ‘विशेष आभार’मध्ये होतो, खानपान व्यवस्था बघणाऱ्याच्या खालच्या ओळीत. विचारलं तर उत्तर आलं, “चाल माझी आहे, तू फक्त सजवलंस.” सजावट काढली तरी घर उभं राहतं. ते सोळा बार काढले असते तर अंतऱ्याची उचल बदलावी लागली असती, म्हणजे त्याची चालच उरली नसती. हे त्या दिवशी मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. हिंदीत सुवर्णकाळ म्हणतात त्या काळात बरेच संगीतकार स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहीत नसत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले वादक ते लिहायचे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्याकडे वर्षानुवर्षं हे काम केलं आणि श्रेयनामावलीत ते दत्ताराम यांच्याबरोबर ‘सहाय्यक’ असायचे. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना १९७७च्या सिनेमातलं पात्र म्हणून माहीत आहे. ते खरे व्हायोलिनवादक आणि अरेंजर होते, माजोर्ड्याचे, आणि प्यारेलाल यांचे गुरू.

कायदाही आमच्या बाजूने नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचा कर्ता संगीतकार, शब्दांचा कर्ता गीतकार, आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला, ते उत्तमच झालं. पण संयोजन कायद्यात मूळ रचनेचं रूपांतर म्हणून येतं आणि रूपांतराचा हक्क मूळ रचनेच्या हक्कदाराकडे. त्यामुळे आम्हाला एकरकमी मानधन मिळतं आणि विषय संपतो.

एक सांगायला हवं. सगळे संगीतकार तसे नसतात. प्यारेलालजी स्वतः पूर्ण ऑर्केस्ट्रा लिहीत. काही जण मधलं संगीतही गाऊन दाखवतात आणि अरेंजर ते फक्त वाद्यांत वाटतो, तेव्हा ‘सहाय्यक’ लिहिलं तर मी भांडणार नाही. आणि माझ्या त्या संगीतकाराची चाल मुळात चांगली नसती तर माझे सोळा बार कोणी ऐकलेच नसते, हेही खरं.

तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर रेकॉर्डिंगच्या आधी करारात ‘संगीत संयोजन’ हे शब्द आणि ते कुठे छापले जातील हे लिहून घ्या. नंतर मागितलेलं श्रेय उपकार म्हणून मिळतं. स्कोअरवर तारीख घाला. माझ्याकडे त्या सोळा बारांचे कागद आहेत, पण तारीख नाही.

प्रोड्युसर राहिला. इथेच सगळे गोंधळतात, कारण तीन वेगळ्या माणसांना हा एकच शब्द लावतात. सिनेमाला पैसा लावणारा निर्माता, गाण्याचे हक्क घेणारी म्युझिक कंपनी, आणि म्युझिक प्रोड्युसर. हा तिसरा म्हणजे आजचा अरेंजर, फक्त वाद्यवृंदाच्या जागी संगणक आला. ठेका प्रोग्राम करणं, सॅम्पल निवडणं, एखादी खरी बासरी वाजवून घेणं आणि सगळे ट्रॅक मिक्सिंगला पाठवणं हे त्याचं काम. तुमच्या अ‍ॅपवर Produced by खाली कोण आहे ते ओळखायचं असेल तर ते नाव शोधा. सिनेमाच्या पोस्टरवर दिसलं तर निर्माता. पोस्टरवर नाही, पण वेगवेगळ्या संगीतकारांच्या पाच-सहा गाण्यांखाली आलं, तर मधलं संगीत त्याच्याच हातचं असण्याची शक्यता जास्त.