शिजणं आणि थिजणं

प्रश्न : 'फूड केमिस्ट्रीच्या थिअरी पेपरात जिलेटिनायझेशन म्हणजे स्टार्च थिजणे आणि रेट्रोग्रेडेशन म्हणजे स्टार्च परत मूळ रूपात येणे, असं लिहिलं तर चालेल का?'

चालणार नाही. पहिलं उलटं आहे, दुसरं खोटं. आणि जिलेटिनला यात ओढू नका. ते हाडाकातड्यांतून निघणारं प्रथिन. स्टार्चमध्ये त्याचा लवलेशही नसतो.

घोळ नावाचाच आहे. लॅटिनमध्ये 'जेलू' म्हणजे हिम, 'जेलारे' म्हणजे गोठणं. आणि स्टार्चचं जिलेटिनायझेशन होतं कशाने, तर उष्णतेने! मोदकाची उकड काढताना बघा. उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी घालून झाकण ठेवलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, आतली स्फटिकी मांडणी मोडते आणि अमायलोज, म्हणजे स्टार्चचे सरळ धागे, बाहेर झिरपतं. तांदळाच्या जातीनुसार हे साधारण ५५ ते ७९ अंश सेल्सिअसला घडतं. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कच्च्या कणावर फुली दिसते. ती पुसली गेली की काम झालं. कण पुन्हा कच्चा होत नाही. याला आपण रोज 'शिजणं' म्हणतो. सिध्यति, सिज्झइ, शिजणे. स्वयंपाक 'सिद्ध' होतो तो असा.

आता खरी गंमत. थिजणं! या शब्दावर 'देशी' असा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. संस्कृतात 'स्त्यान' म्हणजे दाट झालेलं, घट्ट झालेलं. 'स्तन'चं 'थान' होतं, तसाच इथेही 'स्त'चा 'थ'. पुढचा 'ज' बहुधा 'शिजणे'च्या संगतीने आला असावा, हा माझा तर्क. कोशकारांनी खुशाल नाकं मुरडावीत. शिजलेलं निवलं की थिजतं, ही जोडी काही योगायोगाने जमलेली नाही.

म्हणजे थिजणं बसतं ते रेट्रोग्रेडेशनला. 'रेट्रो' मागे, 'ग्रादी' पावलं टाकणं. ग्रह वक्री होतो तसं. वक्री ग्रह चार पावलं मागे येतो, निघाल्या जागी जाऊन बसत नाही. स्टार्चचंही तेच. सुटे झालेले धागे पुन्हा एकमेकांना बिलगून स्फटिक बनवतात, पण मूळ कण काही परत घडत नाही. अमायलोज काही तासांत जुळतं, अमायलोपेक्टिनला, म्हणजे स्टार्चच्या फांद्या फुटलेल्या धाग्यांना, दिवस लागतात. फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास हे फार वेगाने होतं, म्हणून तिथला भात बाहेरच्यापेक्षा लवकर टणक होतो. तो वाळतो म्हणून नव्हे, बरं का! १८५२ साली बुसँगो या फ्रेंच रसायनज्ञाने हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो, हे दाखवून दिलं होतं.

त्याच भाताला वाफ द्या, मऊ होईल. अमायलोपेक्टिनचे स्फटिक ६० अंशांच्या आसपास वितळतात. अमायलोजच्या स्फटिकांना मात्र १०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं; ते वाफेला दाद देत नाहीत.

हो, पेपर. तिथे दोन्ही संज्ञा जशाच्या तशा लिहा. 'शिजणं' मांसालाही लागतं आणि 'थिजणं' तुपालाही, त्यामुळे परीक्षक गुण कापेल.