सीव्ही ‘तिकडच्या पद्धतीनं’ करताना नेमकं काय बदलायचं?

*दादा, मी लातूरचा. २०१९ ला मेकॅनिकल डिप्लोमा झाला, मग सव्वा वर्ष एमपीएससी केली. त्यानंतर वाळूजला क्वालिटीत, पहिलं दीड वर्ष ठेकेदाराच्या रोलवर, नंतर कंपनीच्या. आता जर्मनीत अर्ज करायचाय. एजंट म्हणतो, सीव्ही अन् एक्स्पिरियन्स लेटर जर्मनमध्ये ‘तिकडच्या पद्धतीनं बसवून देतो’. किती बदललेलं चालतं?*

आधी माझी फजिती ऐक. मी इकडं यायच्या आधी संभाजीनगरातच एकाकडून लेटरचं जर्मन भाषांतर करून घेतलं होतं. मूळ इंग्रजी लेटरात आपलं नेहमीचंच वाक्य होतं, की हा मुलगा सिन्सियर आहे, कायम मनापासून प्रयत्न करायचा, काम समाधानकारक होतं. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं. मुलाखतीत एचआरच्या बाईंनी त्या कागदावर पेन टेकवलं आणि विचारलं, ‘इथं नेमकं काय बिनसलं होतं?’ मला कळेचना. मी आपला सांगतोय, मॅडम, ही तर तारीफ आहे!

कारण असं आहे. जर्मनीत नोकरी सोडताना कामाचा दाखला, म्हणजे आर्बाइट्सत्सॉयग्निस, मागायचा कामगाराला कायद्यानं हक्क आहे. तो खरा तर हवाच, पण कामगाराचं पुढचं वाट्टोळं होणार नाही अशा सुरात लिहायचा असतो. मग वाईट लिहिता येत नाही म्हणून गोड शब्दांतच गुण द्यायची रीत पडली. काम ‘कायम आमच्या पूर्णतम समाधानाचं’ असेल तर पहिला नंबर. ‘कायम पूर्ण समाधानाचं’ म्हणजे चांगलं. ‘पूर्ण समाधानाचं’ म्हणजे मधलं. नुसतं ‘समाधानाचं’ म्हणजे कसाबसा पास. आणि ‘त्यानं कायम प्रयत्न केला’, त्यांचा शब्द बेम्यूट, याचा अर्थ प्रयत्न केला पण जमलं काहीच नाही. आपल्याकडचं कौतुक तिकडं नापासाचा शेरा होऊन बसतं.

यावर एजंटाचा उपाय मला माहीत आहे. तो तुझ्या लेटराच्या जर्मनमध्ये ते ‘पूर्णतम समाधान’ टाकून देईल. ते करू देऊ नकोस. तुझ्या मॅनेजरनं तो गुण दिलेलाच नाही, अन् शेजारी मूळ इंग्रजी ठेवलं की कुणालाही ते दिसतं. नोकरी लागल्यावर अशी फसवणूक सापडली तर मालक करारच रद्द करून घेऊ शकतो, आणि तुझा व्हिसा त्याच करारावर उभा असतो.

मग करायचं काय? अर्जाला लेटर इंग्रजीतच जोड. इंग्रजी कागद वाचताना इकडचे लोक तो जर्मन गुणांचा काटा लावत नाहीत. कुणी जर्मनच मागितलं, किंवा पुढं शिक्षणाच्या मान्यतेसाठी लागलं, तर शपथबद्ध भाषांतरकाराकडून कर. त्यांची सरकारी यादी justiz-dolmetscher.de वर आहे. तो मजकूर बदलत नाही, पण मूळ शब्दाचा अर्थ सांगणारी टीप घालू शकतो. खरा उपाय मात्र वाळूजलाच आहे. एचआरकडं जाऊन नवं लेटर माग. बहुतेक ते म्हणतील, ‘तूच टाइप करून आण, सही करतो.’ आण की! त्यात लाइनवर काय तपासत होतास, कोणती मापनयंत्रं वापरलीस, रिजेक्शनचा रिपोर्ट कोण करायचं, हे लिही. सीएमएमवर प्रोग्रॅम लावत होतास की लावलेला चालवत होतास, हा फरक स्पष्ट कर, इकडं मुलाखतीत तोच विचारतात. कौतुकाची ओळ मात्र साहेबाला त्याच्या शब्दांत घालू दे.

सीव्ही भाषांतरित करू नकोस, नव्यानं लिही. वडिलांचं नाव, धर्म, जात, लग्न झालंय का, शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं काढ. यानं सत्य बदलत नाही, इथं ते कुणी विचारतच नाही. ताजी नोकरी वर, डाव्या बाजूला महिना-वर्ष, खाली गावाचं नाव, तारीख अन् सही. फोटो लावायची सवय अजून आहे, पण सक्ती नाही.

घोटाळा होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत. आपला डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. जर्मन ‘डिप्लोम’ ही विद्यापीठाची पदवी होती. एजंट डिप्लोमाचं डिप्लोम करतो आणि तू न घेतलेली डिग्री तुझ्या नावावर चढते. तसंच ज्युनियर इंजिनिअरचं ‘इंझेनिऑर’ केलं तर तिथं ते कायद्यानं राखलेलं बिरुद आहे, अन् सुपरवायझरचं ‘माइस्टर’ केलं तर ती वेगळी परीक्षा पास झालेल्याची पदवी. म्हणून मूळ नाव इंग्रजीत जसंच्या तसं ठेव आणि शेजारी एक साधी जर्मन ओळ लिही: दहावीनंतर तीन वर्षांचं तांत्रिक शिक्षण, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ. टक्केही तसेच ठेव, ‘१०० पैकी’ लिहून. जर्मन ग्रेडमध्ये स्वतः बदलायला जाऊ नकोस.

आता तुझं ते दीड वर्ष. एजंट म्हणेल, गेट तेच, मशीन तेच, सरळ कंपनीचंच नाव टाकू. पण पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत ठेकेदाराचं नाव आहे, कंपनीच्या लेटरवर रुजू झाल्याची तारीख नंतरची आहे. सीव्ही एक बोलतो, कागद दुसरं. त्यापेक्षा असं लिही:

०३/२०२२ – आजपर्यंत: क्वालिटी इन्स्पेक्टर, कंपनीचं नाव, वाळूज.
०९/२०२० – ०२/२०२२: क्वालिटी इन्स्पेक्टर, ठेकेदार फर्मचं नाव, कामाचं ठिकाण तीच कंपनी.
०६/२०१९ – ०८/२०२०: राज्य लोकसेवा परीक्षेची तयारी.

महिने मी अंदाजानं टाकलेत, तू पीएफ पोर्टल उघडून जुळव. ठेकेदाराच्या ओळीत लाज वाटण्यासारखं काही नाही. इकडंही लोक दुसऱ्या फर्मच्या रोलवर राहून कारखान्यात काम करतात, वाचणाऱ्याला ते लगेच उमगतं. एमपीएससीची सव्वा वर्षाची पोकळी झाकायला नोकरी मागं ओढण्याचा मोह होतो, माझ्या रूममेटनं केलं होतं तसं. रिकामी पोकळी दिसली की इथले लोक बोट ठेवतात, ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ वाचलं की पुढं जातात.

एक राहिलं. तुझ्या मार्कशीटवर आडनाव आधी असेल, पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. सीव्हीवर पासपोर्टचंच घे. आणि जुन्या कागदावर औरंगाबाद, नव्यावर छत्रपती संभाजीनगर असेल तर भाषांतरात मूळ कागदावर आहे तेच राहू दे. सीव्हीत पहिल्या उल्लेखाला ‘छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचं औरंगाबाद’ लिही, नाहीतर ती दोन शहरं वाटतात. मला एकानं खरंच विचारलं होतं, की या दोन गावांत रोज किती वेळ जायचा.

नवं लेटर मिळालं की त्यातलं नाव-नंबर झाकून टाक, बघून सांगतो.