विझार्ड, रोग आणि पॅलाडिन: दंतकथेतून नियमपुस्तकात

प्रश्न: मी दादरच्या एका गटासोबत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे वठवण्याचा खेळ नुकताच खेळू लागलो आहे. विझार्ड, रोग आणि पॅलाडिन हे पात्रांचे वर्ग जुन्या दंतकथांमधून थेट उचलले आहेत का? असतील तर नेमके काय उचलले?

उत्तर:

थेट उचललेले फार थोडे आहे. गोरेगावात आमच्या गटाचा खेळ मी चालवतो, आणि जुनी नियमपुस्तके वाचताना मला सतत जाणवते की दंतकथा आणि खेळ यांच्या मध्ये विसाव्या शतकातील अमेरिकी कल्पनारम्य कथा उभी आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार म्हणजे आजचा विझार्ड, आणि धर्मोपदेशक एवढेच वर्ग होते. चोर, म्हणजे आजचा रोग, आणि पॅलाडिन १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून आले.

यांपैकी पॅलाडिनचा प्रवास सर्वांत बोलका आहे. फ्रेंच वीरकाव्यांत पॅलाडिन म्हणजे सम्राट शार्लमेनचे निवडक बारा सरदार. त्यांपैकी रोलां इ.स. ७७८ मध्ये पिरेनीज पर्वतातील रोंसव्होच्या खिंडीत पडला, आणि त्याचे काव्य सुमारे तीन शतकांनंतर रचले गेले. त्या काव्यात त्याच्या ‘द्युरांदाल’ या तलवारीच्या मुठीत संत पीटरचा दात, संत बेसिलचे रक्त आणि संत डेनिसचा केस ठेवलेला असल्याचे सांगितले आहे. पॅलाडिनच्या हाती येताच जिचे सामर्थ्य खुलते ती खेळातील पवित्र तलवार वाचताना मला हीच मूठ आठवते. तरीही खेळातील पॅलाडिन रोलांवरून घडलेला नाही. पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचा नायक होल्गर हा मूळचा ओजिए, म्हणजे शार्लमेनचाच डॅनिश सरदार, आणि तो ‘सुव्यवस्थे’च्या बाजूने ‘अनागोंदी’शी लढतो. पॅलाडिनने सुव्यवस्थेचा पक्ष कधीही सोडू नये, सोडल्यास त्याचे पॅलाडिनपण कायमचे जाईल, हा ‘ग्रेहॉक’मधील कडक नियम त्याच चौकटीतला आहे.

गंमत अशी की मध्ययुगीन ओजिए या नियमात बसतच नाही. त्याच्या काव्यात शार्लमेनचा मुलगा बुद्धिबळाच्या डावावरून चिडून ओजिएच्या मुलाला ठार करतो, आणि मग ओजिए आपल्याच सम्राटाविरुद्ध वर्षानुवर्षे शस्त्र धरतो. आमच्या गटात अशी कथा घडली असती तर जुन्या नियमांनुसार पहिल्याच बंडाला त्याचे सारे दैवी सामर्थ्य मला काढून घ्यावे लागले असते. मूळ कथेतील निष्ठा आणि सूड यांचा पेच नियमाने पुसून टाकला, असे माझे मत आहे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील, शपथेवर आधारलेल्या पॅलाडिनला तो काही प्रमाणात परत मिळाला आहे.

हात ठेवून बरे करण्याची शक्ती मात्र शार्लमेनच्या सरदारांकडची वाटत नाही. फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे गंडमाळेच्या रुग्णांना स्पर्श करून बरे करतात, अशी श्रद्धा तेथे कित्येक शतके होती. आणि मॅलरीच्या आर्थरकथेत लान्सलॉट सर अरीच्या न भरणाऱ्या जखमा हाताने भरून काढतो व नंतर लहान मुलासारखा रडतो. खेळाने त्याचा हिशेब बांधला: २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीच्या पॅलाडिनकडे दर मोठ्या विश्रांतीमागे बरे करण्याच्या पंधरा गुणांचा साठा असतो, आणि त्यातले पाच गुण खर्चून एक आजार बरा करता येतो.

चोराच्या बाबतीत लोककथा अधिक ठळक दिसते. हेरोडोटसने सांगितलेल्या इजिप्तच्या राजाच्या गोष्टीत खजिना बांधणारा कारागीर भिंतीत एक सुटा दगड ठेवतो आणि त्याचे मुलगे तेथून चोरी करतात. राजा सापळा लावतो, एक भाऊ त्यात अडकतो, आणि ओळख पटू नये म्हणून दुसरा त्याचे डोके कापून नेतो. बंद खजिना, लपवलेला सापळा आणि त्यातून बुद्धीने सुटणारा चोर हे सारे येथे आहे. (आपल्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक तर भिंतीला कोणत्या आकाराचे भोक पाडावे यावरही शास्त्रशुद्ध विचार करतो.) पण दहाव्या पातळीच्या चोराला मंत्र लिहिलेली जादूची गुंडाळी वाचता येते, हा जुना चमत्कारिक नियम अशा कथांतून उलगडत नाही. फ्रिट्झ लायबर यांचा ग्रे माउजर हा तलवारबाज चोर आधी एका जादूगाराचा शिष्य होता, हे कळले की तो उलगडतो.

विझार्डवर दंतकथेचा फक्त पेहराव आहे. मंत्र आधी मनात साठवायचा आणि उच्चारला की तो पुसला जायचा, ही पद्धत जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) मधील आहे. आर्थरकथेतल्या मर्लिन या जादूगाराकडे भविष्यवाणी असते, मंत्रांची मोजदाद नसते. शिवाय तो आपली विद्या व्हिव्हियनला शिकवतो आणि तीच विद्या वापरून ती त्याला कायमचे कोंडते. खेळात दुसऱ्याच्या वहीतून मंत्र उतरवून घ्यायला, पाचव्या आवृत्तीनुसार, मंत्राच्या दर पातळीमागे दोन तास आणि पन्नास सुवर्णमुद्रा लागतात, आणि वही देणाऱ्याला त्यात कोणताही धोका नसतो.