इन्सिडन्स मॅट्रिक्सची नल स्पेस म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: दिशा असलेल्या नेटवर्कमध्ये Ax = 0 ची उत्तरं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं? आणि ती किती असतात, हे आधीच कसं कळेल?

उत्तर: प्रत्येक उत्तर म्हणजे असा प्रवाह, जो कुठल्याच नोडवर साचत नाही की आटत नाही, स्वतंत्र उत्तरं असतात स्वतंत्र लूप्सइतकी, म्हणजे सलग नेटवर्कमध्ये m − n + 1 (m कडा, n नोड). कारण A ची ओळ म्हणजे नोड आणि स्तंभ म्हणजे कड: कड जिथून निघते तिथे −1, पोचते तिथे +1. त्यामुळे ओळ गुणिले x म्हणजे त्या नोडवरची आवक वजा जावक. प्रत्येक स्तंभाची बेरीज शून्य, म्हणून एक समीकरण फुकटचं आणि रँक n − 1.

कडा क्रमाने 1→2, 1→3, 2→3, 2→4, 3→4 घ्या. 5 − 4 + 1 = 2, आणि ते दोन सदिश हे:

```
(1, -1, 1,  0, 0)
(0,  0, 1, -1, 1)
```

पहिला 1→2→3 जाऊन 1→3 वरून उलटा परततो. नोड 2 वर ताळा करा: 1 आत, 1 बाहेर.

ऋण आकडा म्हणजे बाणाविरुद्ध प्रवाह. वीजमंडलात ते चालतं; पण एकदिशा पाइप असतील तर x ≥ 0 लागतं, आणि वरच्या नेटवर्कमध्ये बाणांच्या दिशेने फिरणारा एकही लूप नसल्याने फक्त शून्य उरतं. 4→1 ही परतीची कड जोडलीत की 1 पासून 4 पर्यंतचा खरा प्रवाहही नल स्पेसमध्ये येतो. (काही पुस्तकांत कडा ओळींत मांडतात, तिथे Aᵀ ची नल स्पेस काढायची, नाहीतर उत्तर भलतंच येतं.)