मोठी गाठ सोडून लहान गाठीची सुई-तपासणी का?

प्रश्न: सोनोग्राफीत थायरॉईडला दोन गाठी आहेत, २.२ सेंमी आणि १.२ सेंमी. डॉक्टर लहान गाठीची एफएनएसी करा म्हणतात. असं का?

उत्तर: कारण आधी गाठीचं रूप बघतात, आकार त्यानंतर. टीआय-रॅड्स या सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद ते ठरवण्याच्या पद्धतीत प्रत्येक लक्षणाला गुण असतात. तुमच्या रिपोर्टमध्ये लहान गाठीबद्दल बहुधा असं असेल: भरीव (२), आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळसर (२), आत बारीक चमकते ठिपके (३). बेरीज ७, म्हणजे वर्ग ५, सर्वात संशयास्पद. या वर्गात १ सेंमीपासूनच सुई सुचवतात. मोठी गाठ भरीव (२) पण ग्रंथीसारख्याच छटेची (१) असेल तर ३ गुण, वर्ग ३. तिथे मर्यादा २.५ सेंमी, म्हणून तिच्यावर फक्त लक्ष ठेवतात. रुंदीपेक्षा उंची जास्त असली तरी ३ गुण वाढतात.

घोळ होतो तो ठिपक्यांत. कॅल्शियमचे सूक्ष्म कण संशयास्पद असतात. पण ज्या ठिपक्यामागे धूमकेतूसारखी मोठी शेपटी दिसते तो सहसा कोलॉइड, म्हणजे थायरॉईडमधला साठलेला घट्ट द्रव असतो आणि त्याला शून्य गुण. हे ३ गुण वजा झाले तर तुमची गाठ ४ गुणांवर, वर्ग ४ मध्ये येते. तिथे सुईची मर्यादा १.५ सेंमी, म्हणजे १.२ सेंमीला फक्त पुन्हा सोनोग्राफी. म्हणून रेडिओलॉजिस्टना ठिपक्यांबद्दल नेमकं विचारा, आणि मानेतल्या लसीका ग्रंथी पाहिल्या का हेही. टीएसएच कमी असेल तर सुईआधी थायरॉईड स्कॅन करतात.