डेमोनंतरचा मेल सगळ्यांना एकच

प्रश्न: चाकणच्या एका कारखान्यात आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरचा डेमो दिला. समोर मालक, अकाउंट्स, स्टोअर आणि आयटी असे चौघे होते. प्रत्येकाची शंका वेगळी. फॉलोअप मेल एकच पाठवू की चार?

एकच पाठवा, त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चार पाठवलेत तर ते एकमेकांना दाखवणारच, आणि स्टोअरला एक नि अकाउंट्सला दुसरंच सांगितलंय असा संशय यायला वेळ लागत नाही. शिवाय निर्णय होतो तो तुम्ही नसलेल्या मीटिंगमध्ये. तिथे तुमच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हातात हा मेलच असतो. म्हणून ‘टू’मध्ये ज्यांनी तुम्हाला बोलावलं ते, बाकीचे सीसीत.

शंका विभागाच्या नावाने लिहा, माणसाच्या नाही. ‘अमुक साहेबांना हे चालेल असं वाटत नाही’ हे मालकांसमोर आलं, की ते साहेब पुढे तेच खरं करून दाखवतात.

खरी मेख पुढे आहे. या शंका नुसत्या वेगळ्या नसतात, एकमेकींच्या आड येतात. गेटवर गाडी उभी असताना स्टोअरला एंट्री झटपट हवी असते, तर अकाउंट्सला मंजुरीशिवाय काहीच पुढे जायला नको असतं. बहुतेक जण एकाला ‘अगदी सोपं’ आणि दुसऱ्याला ‘पूर्ण कंट्रोल’ असं लिहून मोकळे होतात. दोघंही दोन्ही ओळी वाचतात हो! त्याऐवजी असं लिहा:

‘स्टोअर: गाडी आली की चलन नंबर आणि नग एवढंच भरायचं. माल लगेच स्टॉकमध्ये दिसेल, पण “तपासणी बाकी” म्हणून.
अकाउंट्स: बिल आणि पीओ जुळवून तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय टॅलीत एंट्री जाणार नाही. स्टोअरने मागाहून नग बदलले तर जुना आकडा, कोणी बदलला आणि कधी, हे दिसेल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, त्यामुळे टॅलीला डेटा देणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल अकाउंट्सवाले हे विचारणारच. अर्थात, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय खरंच असेल तरच लिहा.

आयटीसाठी सर्व्हर कुठे आणि बॅकअप कधी, एवढं पुरे. डेमोत उत्तर देता आलं नसेल तर ‘बुधवारी दुपारपर्यंत आमचे इंजिनिअर कळवतील’ असं लिहा आणि पाळा. दर या मेलमध्ये नको, कोटेशन मालकांना वेगळं द्या. नाहीतर सॉफ्टवेअर उपयोगाचं आहे का हे ठरायच्या आधीच घासाघीस सुरू होते.

शेवटी ‘कृपया कळवावे’ नको. ‘गुरुवारी ११ वाजता तुमचेच दहा आयटम टाकून स्टोअरमध्ये चालवून बघू या का?’ असं विचारा. अकाउंट्सकडून ‘ही ओळ बरोबर नाही’ असं उत्तर आलं तर चांगलंच, दुरुस्त करून पुन्हा सगळ्यांना पाठवा. नुसतं ‘बघून कळवतो’ आलं, तर बोलावणाऱ्याला फोन करून विचारा, कोणाची शंका मेलमध्ये राहून गेली.