कन्नडमध्ये ‘हुळा’ म्हणजे काय, हे पाकिटं छापल्यावर कळलं

प्रश्न: कोल्हापुरात नाचणीच्या चिवड्याचा घरगुती व्यवसाय सुरू करतोय. नाव आणि टॅगलाईन ठरवताना अर्थ, उच्चार आणि लोकांच्या लक्षात राहणं कसं तपासायचं?

उत्तर:

आधी आमचं काय झालं ते सांगतो. मी आणि दाजींनी मिळून मसाला लावलेले भाजके हरभरे सुरू केले होते. नाव ठेवलं ‘हुळा’. शेतात जाळावर भाजलेला हरभऱ्याचा घाटा म्हणजे हुळा, आमच्या आजोळचा शब्द. घरात सगळ्यांना आवडलं. पाकीट छापायच्या आधी चार परक्या माणसांना विचारू, असं मी म्हणत होतो. दाजी म्हणाले, “आपल्याच भाषेतला शब्द, त्यात विचारायचं काय? माल चांगला असला की नाव कोण बघतंय?” छपाईच्या चार रंगांचे चार सिलेंडर करून घेतले, पाकिटं आली.

शाहूपुरी, राजारामपुरीत माल उठला. मग गोकाकला पाठवला. पंधरा दिवसांनी गेलो, तर बॉक्स जसाच्या तसा. दुकानदार म्हणाला, “अण्णा, हुळ म्हणजे आमच्यात किडा.” हरभऱ्याला भुंगा लागतो हे प्रत्येक घराला माहीत असतं. त्या हरभऱ्याच्या पाकिटावर ठळक अक्षरात ‘किडा’ लिहिल्यासारखंच झालं ते. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर कन्नड सुरू होतं आणि आमच्या घरात एकालाही कन्नड येत नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कोल्हापुरातून विकायचं असेल तर नाव निपाणीच्या पुढे, कन्नड घरात बोलणाऱ्या दोन-तीन माणसांना मोठ्यानं ऐकवा. अर्थ विचारू नका. “हे ऐकून काय आठवतं?” एवढंच विचारा. अर्थ विचारला की माणूस शब्दकोशातलं सांगतो, आणि जे आठवतं ते राहून जातं.

दुसरी अडचण ‘ळ’ची. इंग्रजीत Hula लिहिलं की पुण्यातला मुलगासुद्धा ‘हुला’ वाचतो. उच्चारासाठी आता मी एकच परीक्षा घेतो. पाच-सहा जणांना फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं आणि त्यांना ते मराठीत व इंग्रजीत लिहून पाठवायला सांगायचं. दोन दिवसांनी परत फोन करून विचारायचं, “त्या पाकिटाचं नाव काय होतं?” ‘हुळा’चं इंग्रजी सहा जणांनी चार तऱ्हांनी लिहिलं. म्हणजे गिऱ्हाइकानं मोबाईलवर शोधलं तरी आम्ही सापडणार नव्हतो.

दुसऱ्या वेळी मला ‘शिवार’ हवं होतं. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोध घेता येतो. तिथं सारख्या उच्चाराची नावं शोधायचीही सोय आहे, ती नक्की वापरा. ‘शिवार’ आणि त्याच्या आसपासची नावं इतकी निघाली की नाद सोडला. ट्रेडमार्कमध्ये मालाचे क्रमांकानं वर्ग पाडलेले असतात; तुमच्या चिवड्यासाठी वर्ग ३० बघा, शिवाय २९ पण. ट्रेडमार्कचं काम बघणाऱ्या वकिलानं आणखी एक गोष्ट सांगितली: पदार्थाचं वर्णनच असलेलं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. म्हणजे भाजक्या हरभऱ्याला ‘हुळा’ तसंही अडलंच असतं. तुम्ही ‘नाचणी चिवडा’ किंवा ‘खमंग’ धरून बसू नका.

शेवटी ‘गोफण’ ठरलं. पिकाची राखण करताना पाखरं हाकायची ती गोफण. कुणी ‘गोफन’ म्हटलं तरी शब्द ओळखू येतो, आणि इंग्रजीत सहापैकी पाच जणांनी Gofan असंच लिहिलं. गोकाकलाही दोघांना ऐकवलं, कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. हरभरे तेच, मसाला तोच, दरही तोच. त्याच दुकानदारानं दुसऱ्या महिन्यात स्वतः फोन करून माल मागवला. ‘पहिल्या वेळी सीझन नव्हता’ असं दाजी आजही म्हणतात. सीझन नव्हता तर कोल्हापुरात कसा खपला, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

टॅगलाईनवर फार वेळ घालवू नका. ‘नाद खुळा’, ‘लई भारी’, ‘अस्सल कोल्हापुरी चव’ इथं दर दुसऱ्या पाटीवर आहे, त्यानं तुमचं पाकीट वेगळं दिसत नाही. नाव जे सांगत नाही ते टॅगलाईननं सांगावं. ‘गोफण’ वाचून आत काय आहे ते कळत नाही, म्हणून खाली ‘भट्टीवर भाजलेले हरभरे’ एवढंच लिहिलं.

एक मात्र खरं, फक्त शहरातच विकणार असाल तर ‘हुळा’सारखं नावही चाललं असतं, आमचं इथं चालत होतंच. पण पहिले सहा महिने साध्या पाकिटावर स्टिकर लावूनच विका. स्टिकर एका दिवसात बदलता येतो. आमचे ते चार सिलेंडर अजून माळ्यावर पडून आहेत.